वडिलांच्या जुन्या छायाचित्रावर त्यांचाच चष्मा बसवायचा आहे, पण तो चिकटवल्यासारखा दिसतो

जुनी_पेटी

नमस्कार. माझ्या वडिलांचे १९७४ मध्ये स्टुडिओत काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र घरात आहे. मोठे करून लावावे असे तेवढे एकच छायाचित्र आहे. अडचण अशी की त्यात त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नाही. काचेवर दिव्याची चमक येते म्हणून छायाचित्रकाराने तो काढून ठेवायला लावला, असे आई सांगते. वडील अंघोळ आणि झोप सोडली तर चष्म्याविना कधी दिसलेच नाहीत, त्यामुळे हे छायाचित्र पाहिले की आई दर वेळी म्हणते, "हे कोणी तरी दुसरेच बसले आहेत."

चष्मा मात्र शाबूत आहे. जाड तपकिरी शेलची फ्रेम आहे आणि काडीच्या आतल्या बाजूला 48□20 आणि 140 असे आकडे कोरलेले आहेत. मी तो टेबलावर ठेवून मोबाइलने समोरून छायाचित्र घेतले, जिंपमध्ये कापून वेगळ्या लेयरवर आणले आणि दोन्ही बाहुल्या काचांच्या बरोबर मध्यभागी येतील असा बसवला. वडिलांचा चेहरा पाहणाऱ्याच्या उजवीकडे साधारण ३० अंश वळलेला आहे, हनुवटी थोडी खाली आहे आणि मान एका खांद्याकडे किंचित कललेली आहे. मी चष्मा फिरवून पाहिला आणि रुंदीत आवळूनही पाहिला, तरीही तो चेहऱ्यावर घातलेला वाटत नाही. लहान मुलांनी वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्याला पेनने काढलेल्या चष्म्यासारखा दिसतो. नेमके कुठे चुकते आहे, हे कोणी सांगू शकेल का?

---

चारकोपरे

यात अवघड काहीच नाही. Perspective हे साधन निवडावे, चष्म्याच्या लेयरचे चार कोपरे धरावेत आणि चेहऱ्याची जी बाजू लांब गेली आहे तिकडचे दोन कोपरे एकमेकांच्या जवळ आणावेत. लांबची काच जवळच्या काचेपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी लहान केली की चष्मा आपोआप वळलेला दिसतो. मी लग्नाच्या अल्बममध्ये असे कितीतरी चष्मे आणि दोन फेटे बसवले आहेत, आणि आजवर कोणी परत आणून दिलेले नाहीत.

---

रेघ_आणि_छाया

चारकोपरे यांनी सुचवलेले साधन योग्य आहे, परंतु त्यामागचे कारण अर्धेच बरोबर आहे, आणि हे अर्धेच कारण बहुतेक चुकांच्या मुळाशी असते.

वळलेल्या चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. पहिली म्हणजे तिरकेपणामुळे रुंदी आवळते. ३० अंश वळल्यावर ती सुमारे ८७ टक्के उरते, आणि सपाट फ्रेम असेल तर हे दोन्ही काचांच्या बाबतीत सारखेच घडते. दुसरी गोष्ट म्हणजे लांबची काच कॅमेऱ्यापासून खरोखरच दूर असल्यामुळे थोडी लहान दिसते. आता हे "थोडी" म्हणजे किती, ते पाहा. 48 आणि 20 या आकड्यांचा अर्थ काच ४८ मिलिमीटर रुंद आणि मधला ब्रिज २० मिलिमीटर, म्हणजे दोन काचांच्या मध्यबिंदूंत ६८ मिलिमीटर अंतर. ३० अंशांत एक काच दुसरीपेक्षा ३४ मिलिमीटर मागे जाते. स्टुडिओतला कॅमेरा दोन मीटरवर होता असे धरले, तर दोन्ही काचांच्या आकारात जेमतेम पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो. पंधरा-वीस टक्के फरक पडायचा तर कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम वीतभरच दूर असायला हवा, आणि तितक्या जवळून काढलेल्या चेहऱ्याचे नाकही बटाट्यासारखे दिसले असते. लांबची काच फार लहान केली की चष्मा एका कॅमेऱ्याने आणि चेहरा दुसऱ्याच कॅमेऱ्याने पाहिलेला वाटतो.

तुमच्या मोबाइलच्या छायाचित्रातही हाच दोष असणार. टेबलावरचा चष्मा तुम्ही किती अंतरावरून टिपला होता?

---

जुनी_पेटी

साधारण एक फुटावरून. सगळे बारकावे यावेत म्हणून मुद्दाम जवळ गेलो होतो.

---

शालन_मावशी

माझाही चष्मा चेहऱ्यावर नीट बसत नाही, सारखा नाकावरून खाली घसरतो आणि फोटोत तर वाकडाच दिसतो. दुकानदाराने दोनदा काड्या वाकवून दिल्या, तरी डावी बाजू वरच राहते. आपण जे मोजमाप सांगत आहात, ते घरच्या घरी करता येईल का?

---

काच_आणि_काडी

मावशी, हा धागा कागदावरच्या चष्म्याचा आहे; परंतु आपला प्रश्न अगदीच अवांतर नाही. बहुतेकांचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात. चष्मा टेकतो नाकावर आणि कानांवर, डोळ्यांवर नव्हे. त्यामुळे डावा कान जरा वर असेल तर डोळे सरळ असूनही चष्मा कललेला दिसतो. आपल्या दुकानदाराने एकाच बाजूच्या काडीचा कोन बदलून पाहायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझे चष्म्याचे दुकान आहे, चित्रकलेतले मला काही कळत नाही, परंतु "बाहुल्या काचांच्या बरोबर मध्यभागी बसवल्या" हे वाक्य वाचून मी थबकलो. असे खऱ्या चेहऱ्यावर समोरून पाहतानाही क्वचितच असते. दोन बाहुल्यांतले अंतर, ज्याला आम्ही दुकानात पीडी म्हणतो, मोठ्या माणसात बहुधा ६० ते ६६ मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या वडिलांच्या फ्रेमच्या काचांचे मध्य ६८ मिलिमीटरवर आहेत. म्हणजे समोरून पाहतानाही त्यांच्या बाहुल्या काचेच्या मध्यापासून नाकाकडे एक ते चार मिलिमीटर सरकलेल्या आणि बहुतेक करून मध्यापेक्षा थोड्या वर असणार. जुना नंबर लिहिलेला कागद घरात असेल तर त्यावर पीडी सापडेल.

याहून मोठी गोष्ट अशी की काच डोळ्याला चिकटलेली नसते. ती डोळ्याच्या पुढे १२ ते १४ मिलिमीटरवर उभी असते. समोरून पाहताना हे अंतर दिसत नाही, पण चेहरा वळला की ते लगेच दिसू लागते.

---

रेघ_आणि_छाया

काच_आणि_काडी यांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. मला हे विद्यार्थ्यांना समजावायला अर्धा तास लागतो, म्हणून आकड्यांतच मांडतो.

काच डोळ्याच्या १३ मिलिमीटर पुढे आहे आणि चेहरा ३० अंश वळला आहे, असे धरू. मग चष्मा डोळ्यांच्या तुलनेत नाक ज्या दिशेला आहे तिकडे साडेसहा मिलिमीटर सरकलेला दिसला पाहिजे. याचा परिणाम दोन्ही डोळ्यांवर सारखा होत नाही. जवळच्या डोळ्याची बाहुली काचेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला जाते, आणि लांबच्या डोळ्याची बाहुली नाकाच्या बाजूला आणखीच सरकते, त्यामुळे लांबच्या काचेचा बाहेरचा भाग रिकामा राहतो आणि बऱ्याचदा गालाच्या रेषेच्याही बाहेर डोकावतो. आपण सगळे नेमके हे टाळायला पाहतो, कारण चेहऱ्याबाहेर गेलेली फ्रेम चुकीची वाटते. डोळे काचेच्या मध्यभागी ठेवले की मेंदू त्याचा अर्थ "काच डोळ्यावर रंगवलेली आहे" असाच लावतो. जुनी_पेटी यांना जो पेनने काढलेला चष्मा दिसतो आहे, तो हाच.

हनुवटी खाली असल्यामुळे हेच उभ्या दिशेतही घडते, परंतु कमी प्रमाणात. दहा अंश झुकलेल्या चेहऱ्यावर चष्मा दोन-सव्वादोन मिलिमीटर खाली सरकतो.

---

जुनी_पेटी

फार आभार. कागद सापडला. पीडी ६४ आहे आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन. छायाचित्राच्या स्कॅनमध्ये दोन बाहुल्यांमध्ये २७७ पिक्सेल आहेत. हिशेब बरोबर आहे का ते कृपया पाहावे: ३० अंश वळल्यावर ६४ चे सुमारे ५५.४ मिलिमीटर होतात, म्हणजे एका मिलिमीटरला पाच पिक्सेल. मग चष्मा उजवीकडे ३२ पिक्सेल आणि खाली ११ पिक्सेल सरकवायचा?

---

रेघ_आणि_छाया

बरोबर. एक काच ४८ मिलिमीटरची, म्हणजे तिरकी होऊन सुमारे ४२ मिलिमीटर, म्हणजे २०८ पिक्सेल. चष्मा डोळ्यांच्या अंदाजाने लहानमोठा करत बसण्यापेक्षा काडीवरच्या आकड्यांवरून आकार ठरवला, तर "जरा मोठा झाला का, जरा लहान झाला का" हा खेळ मुळातच संपतो.

---

काच_आणि_काडी

एक दुरुस्ती सुचवतो. फ्रेमचा पुढचा भाग अगदी सपाट नसतो, तो चेहऱ्याभोवती किंचित वळलेला असतो. प्रत्येक काच पाच अंश वळलेली धरली, तर जवळची काच २५ अंशांत दिसते आणि लांबची ३५ अंशांत. त्यामुळे लांबची काच रुंदीत जवळजवळ दहा टक्क्यांनी अरुंद दिसेल. तेव्हा चारकोपरे यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

---

चारकोपरे

ऐका! दुकानदार आमच्या बाजूने बोलत आहेत.

---

रेघ_आणि_छाया

मान्य, पण अर्धेच मान्य. ती काच रुंदीत अरुंद होईल, उंचीत नाही. कोपरे जवळ आणल्यावर तिची उंचीही घटते, आणि तिथेच डोळा फसतो. शिवाय त्या काळातल्या पुष्कळ शेल फ्रेम आजच्यापेक्षा सपाट असत असा माझा अनुभव आहे. खात्री करायची तर चष्मा टेबलावर उलटा ठेवून वरून पाहावा आणि पुढच्या भागाला पट्टी लावून किती फट राहते ते बघावे.

---

उन्हाळी_सुट्टी

मी पेन्सिलने व्यक्तिचित्रे काढते, संगणकावर काम करत नाही. माझी अडचण थोडी वेगळी, पण याच जातीची आहे. आजोबांचे उघड्या डोक्याचे एक छायाचित्र आहे, त्यात ते पुस्तक वाचत असल्यामुळे मान खाली आहे. मला त्यांच्या डोक्यावर गांधी टोपी हवी आहे, आणि टोपीचा संदर्भ म्हणून गावच्या सोसायटीच्या एका सामूहिक छायाचित्रातली टोपी घेतली आहे. तिथे सगळे ओट्यावर उभे आहेत आणि छायाचित्रकार खाली अंगणात होता. टोपी हुबेहूब उतरली आहे, तरी ती आजोबांच्या डोक्यावर अधांतरी तरंगते. चष्म्याचे हे गणित टोपीला लागू होते का?

---

रेघ_आणि_छाया

लागू होते, आणि टोपीच्या बाबतीत ते नुसत्या डोळ्यांनीही ताडता येते. टोपीची खालची कडा म्हणजे डोक्याभोवतीचे एक कडे आहे असे समजा. कॅमेरा त्या कड्यापेक्षा खाली असेल, तर कपाळावरची कडा मध्यभागी वर उचललेली, कमानीसारखी दिसते. डोके पुढे झुकले असेल किंवा कॅमेरा वर असेल, तर हीच कडा मध्यभागी खाली येते आणि दोन्ही टोके कानांकडे चढतात. अंगणातून काढलेल्या छायाचित्रातली टोपी कमानीची आहे. वाचणाऱ्या आजोबांना उलट्या वळणाची हवी. त्यामुळे ती कितीही हुबेहूब उतरवली तरी बसणार नाही. हे संदर्भचित्र वाकवत बसू नये, दुसरे शोधावे.

प्रमाणासाठी सांगतो, डोक्याची पुढून मागची लांबी १९-२० सेंटिमीटर असते. डोके दहा अंश झुकले तर कपाळावरची कडा कानांवरच्या कडेपेक्षा सुमारे १.७ सेंटिमीटर खाली दिसते, आणि वाचताना मान दहापेक्षा बरीच जास्त झुकते. गांधी टोपीचे पुढचे टोक नाकाच्या रोखाने असते, हेही विसरू नये. चेहरा वळलेला असेल तर ते टोक कपाळाच्या मध्यावर न राहता वळलेल्या बाजूला जाते.

आणखी एक गोष्ट पाहावी. टोपी केसांच्या रेषेवर ठेवली आहे की कवटीवर? नवशिके टोपीची कडा बरोबर काढतात, परंतु टोपीच्या आत कवटीचा वरचा भाग मावला पाहिजे हे विसरतात. टोपी काढण्याआधी डोक्याचा पूर्ण गोल हलक्या रेघेने काढून घ्यावा.

---

उन्हाळी_सुट्टी

कवटीचा गोल मी काढलाच नव्हता. टोपीच्या आत आजोबांचे डोके दोन बोटांनी कमी पडते आहे. सोसायटीचे सचिव रागावले तरी चालेल, ती टोपी परत करते आणि बाबांना टोपी घालून वर्तमानपत्र वाचायला बसवते.

---

रेघ_आणि_छाया

नेमके हेच मी जुनी_पेटी यांनाही सुचवणार होतो. चष्मा हातात असताना समोरून काढलेले छायाचित्र वाकवत बसण्यात अर्थ नाही, कारण त्यात काड्यांची बाजू टिपलेलीच नाही. जे टिपलेले नाही ते कोणत्याही साधनाने वाकवून बाहेर काढता येत नाही. चष्मा कोणाला तरी घालायला द्यावा, शक्यतो वडिलांसारखी चण असलेल्याला, आणि त्याला वडिलांसारखेच बसवावे. अंशांच्या भानगडीत न पडता दोन खुणा जुळवाव्यात. एक, नाकाचे टोक आणि लांबच्या गालाची रेषा यांतले अंतर; दुसरी, कानाचा वरचा काठ भुवईच्या तुलनेत कुठे येतो ती जागा. पहिलीवरून वळण जुळते, दुसरीवरून झुकाव. मोबाइल दोन मीटरवर ठेवून झूम करावे, जवळ जाऊ नये. मानेचा एका खांद्याकडचा कल मात्र जुळवत बसायची गरज नाही. तो शेवटी नुसता फिरवून देता येतो.

आणि दिवा कुठे होता तेही पाहावे. वडिलांच्या नाकाची सावली ज्या गालावर पडली आहे, त्याच बाजूला फ्रेमची सावली पडायला हवी.

---

काच_आणि_काडी

काडीबद्दल थोडे सांगावेसे वाटते, कारण लोक ती जवळजवळ नेहमी आडवी काढतात. 140 ही काडीची पूर्ण लांबी आहे. बिजागरीपासून कानावरच्या वाकापर्यंत साधारण शंभर मिलिमीटर धरावेत. ३० अंश वळलेल्या चेहऱ्यावर यातले पन्नासच दिसतात. परंतु हनुवटी दहा अंश खाली असल्यामुळे कानाकडचे टोक सतरा मिलिमीटर वर जाते, आणि ही उंची आवळली जात नाही. पन्नास आडवे आणि सतरा वर, म्हणजे काडी चित्रात जवळजवळ वीस अंश चढते. डोके दहाच अंश झुकले आहे आणि काडी मात्र वीस अंश, यावर विश्वास बसत नाही, म्हणून माणूस ती हाताने खाली ओढतो आणि चष्मा कानावरून सुटतो.

---

चारकोपरे

हे मी आत्ताच एका जुन्या कामात तपासले. काडी आडवी आहे. ते छायाचित्र ज्यांच्या दिवाणखान्यात लावले आहे त्यांना मी हा धागा पाठवणार नाही.

---

जुनी_पेटी

काल मी स्वतःच चष्मा घालून बसलो आणि मुलीने दोन मीटरवरून छायाचित्रे घेतली. उणे साडेतीनच्या काचांतून मला ती दिसतच नव्हती, त्यामुळे "बाबा, अजून थोडे उजवीकडे" या सूचनांवरच सगळे चालले होते. सत्तावीस छायाचित्रांतले एक दोन्ही खुणांना जुळले.

मग वडिलांच्या स्कॅनची एक प्रत Measure ने मोजून बाहुल्यांची रेघ आडवी होईपर्यंत सहा अंश फिरवली, त्या सरळ प्रतीवर चष्मा बसवला आणि शेवटी मूळ छायाचित्रावर फक्त चष्म्याचे लेयर सहा अंश उलटे फिरवून आणले, म्हणजे वडिलांच्या चेहऱ्याला कुठेही धक्का लागला नाही. पीडी आणि फ्रेमच्या आकड्यांवरून आकार ठरवला. काडी खरोखरच वीस अंशांच्या आसपास चढते आणि कानावर टेकते.

आता चष्मा घातलेला वाटतो. परंतु लांबच्या काचेत काही तरी खटकते आणि ते काय, हे मला सांगता येत नाही.

---

काच_आणि_काडी

आपण काच पारदर्शक ठेवली आहे आणि तिच्यामागे वडिलांचा चेहरा जसाच्या तसा दिसतो आहे, असे आहे ना? मग तेच खटकत असणार. उणे नंबरच्या काचेतून चेहऱ्याची कड आत सरकलेली दिसते. लांबच्या बाजूला गालाची आणि डोळ्याच्या खोबणीची जी बाह्यरेषा आहे, ती फ्रेमच्या वर आणि खाली आपल्या जागी असते, मात्र काचेच्या आत नाकाकडे पायरीसारखी सरकते. उणे साडेतीनला हे सरकणे दीड-दोन मिलिमीटरचे असेल, म्हणजे तुमच्या मापात आठ-दहा पिक्सेल. डोळाही सुमारे पाच टक्के लहान दिसतो. अधिक नंबरच्या काचेत याच्या उलट, कड बाहेर सरकते आणि डोळा मोठा दिसतो.

ही पायरी नसली की आम्हा दुकानदारांना लगेच कळते. त्याला आम्ही नंबर नसलेला, नाटकातला चष्मा समजतो.

---

रेघ_आणि_छाया

या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. बाह्यरेषेची पायरी अवश्य द्यावी, कारण ती दुरूनही दिसते. डोळा लहान करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. बाहुलीभोवती हात लावला की ओळखीचा माणूस बदलतो, आणि पाच टक्क्यांसाठी तो धोका पत्करू नये. फ्रेंच चित्रकार शार्दँ यांनी १७७१ आणि १७७५ मध्ये पेस्टलमध्ये केलेली चष्म्यातली स्वतःची चित्रे लूव्र संग्रहालयात आहेत, दुसऱ्यात तर डोळ्यांवर सावलीसाठी बांधलेली झडपही आहे. तिरक्या चेहऱ्यावर फ्रेम कशी उभी राहते आणि तिची सावली त्वचेवर कशी पडते, हे शिकायला त्यांच्यासारखे दुसरे काही मला सापडले नाही.

---

काच_आणि_काडी

ओळख बदलते हे मला पटत नाही. आई ज्यांना ओळखत होत्या, ते काचेतूनच दिसणारे, पाच टक्के लहान डोळ्यांचे गृहस्थ होते. चष्म्याविना मोठे दिसणारे डोळे हेच तर त्या छायाचित्रातले "दुसरे कोणी" असतील.

---

उन्हाळी_सुट्टी

हे वाचून मी कामच थांबवले. माझ्या आजोबांचा चष्मा अधिक नंबरचा होता, आणि माझ्याकडच्या छायाचित्रात तो आहे. म्हणजे टोपीच्या नादात मी त्यांचे मोठे दिसणारे डोळे "दुरुस्त" करून लहान काढले आहेत, हे आता लक्षात येते आहे.

---

शालन_मावशी

मी पण करून पाहिले. आमच्या यजमानांचा एक फोटो आहे, मान वळलेली आहे पण बघतात सरळ कॅमेऱ्याकडे. नातवाने तुमच्या हिशेबाने चष्मा साडेसहा मिलिमीटर सरकवला, तरीही तो डोळ्यांना चिकटल्यासारखाच दिसतो. आमचे काय चुकले?

---

काच_आणि_काडी

मावशी, काही चुकले नाही. आमचाच हिशेब तुमच्या छायाचित्राला पुरत नाही. जुनी_पेटी यांचे वडील नाकाच्या रोखाने पाहत आहेत असे आम्ही न विचारताच धरले होते. चेहरा वळलेला असून नजर कॅमेऱ्याकडे असेल, तर डोळा खोबणीत फिरलेला असतो. डोळ्याच्या फिरण्याचे केंद्र बुबुळाच्या सुमारे १३ मिलिमीटर मागे असते, त्यामुळे तिथे १३ ऐवजी जवळजवळ २६ मिलिमीटरचा हिशेब लागतो आणि सरकणे दुप्पट होते. नातवाला सांगा, बाहुल्यांवरून न मोजता पापण्यांच्या कोपऱ्यांवरून मोज. ते नजरेबरोबर फिरत नाहीत.

---

जुनी_पेटी

माझे वडील कोपऱ्यातल्या कशाकडे तरी पाहत आहेत, छायाचित्रकाराने तसेच सांगितले असावे. म्हणजे मी सुटलो.

लांबच्या काचेतली कड आठ पिक्सेल आत घेतली, आणि खटकणे गेले. फ्रेमची सावली वेगळ्या लेयरवर Multiply करून दिली; ब्रिजच्या खाली ती गडद आणि काठाला स्पष्ट ठेवली, गालावर मात्र पसरट आणि फिकी, कारण तिथे फ्रेम त्वचेपासून दूर आहे. चमक अगदी थोडी, एकाच काचेच्या वरच्या कोपऱ्यात दिली. डोळ्यांचे दोन नमुने केले, एक तसाच ठेवलेला आणि एक पाच टक्के लहान केलेला, आणि कोणता कोणता हे न सांगता आईला दाखवले. तिने लहान डोळ्यांचा उचलला. माझ्या मावशीने मात्र दुसरा उचलला, तेव्हा हा वाद आमच्या घरीही सुटलेला नाही.

आई बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "चष्मा त्यांचाच आहे, पण इतका वर कधी नसायचा. नाकाच्या निम्म्यावर घसरलेला असायचा." आता तो नुसता पाच मिलिमीटर खाली ओढू का?

---

काच_आणि_काडी

नुसता खाली नको. नाकाचा उतार पुढे येत असतो, त्यामुळे घसरलेला चष्मा डोळ्यापासून दूरही जातो. पाच मिलिमीटर खाली आला तर अंदाजे तीन मिलिमीटर पुढे आला असे धरा. म्हणजे १३ चे १६ झाले, आणि बाजूला सरकणे ३२ पिक्सेलऐवजी ४० होईल. काडीचे बिजागरीकडचे टोक खाली येईल, पण कानाकडचे तिथेच राहील, म्हणून तिचा चढही वाढेल. माझे ऐकाल तर चष्मा पुन्हा घाला, नाकाच्या निम्म्यावर आणा आणि मुलीला आणखी सत्तावीस छायाचित्रे काढायला सांगा.